ओळख पटली, पण दार उघडेना

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धुळ्याहून फोन आला. आमची जुनी विद्यार्थिनी, जळगावच्या मेहरूणची लेक आणि आता धुळ्याची सून. दोन मुलांची आई. घरात शिलाई मशीन टाकून नमाजच्या ओढण्या आणि लहान मुलींचे मखने शिवते. कापड धुळ्यातच पाच कंदीलच्या बाजारातून घेते, लेस माहेरी आली की जळगावच्या फुले मार्केटमधून नेते. 2021 पासून तिचा बराचसा माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकला जातो.

"सर, माझी ओळख पटली म्हणून त्यांचा मेल आला, आणि तिसऱ्या दिवशी दुकानच उघडेना. चार मेल टाकले. प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर. रमजानच्या तोंडावर काय करू?"

2025 चा रमजान 2 मार्चला सुरू होणार होता. ओढण्यांची खरी विक्री त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत होते. घरात दीडशे ओढण्या शिवून तयार होत्या आणि आधीच्या विक्रीचे 18,400 रुपये त्या बाजाराकडे अडकले होते. आम्ही काही संगणकाचे जाणकार नव्हे, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण अर्जलेखन हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून तिला म्हटले, "बेटी, ते चारही मेल मला पाठव."

पहिला मेल असा होता: आदरणीय साहेब, मी एक गरीब गृहिणी आहे, माझी दोन लहान मुले आहेत, रमजान जवळ आला आहे, माझे खाते कृपया लवकर चालू करा, मी कोणतेही चुकीचे काम केलेले नाही. पुढचे तीन मेल याच वळणाचे, फक्त विनवणी वाढत गेलेली. यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण मेल उघडणाऱ्या माणसाला कोणते खाते, कोणता संदेश, कधीपासून आणि नेमके काय करायचे, हे त्यात कुठेच सापडत नव्हते. शिवाय प्रत्येक वेळी तिने नवी तक्रार नोंदवली होती. त्यामुळे चार वेगळे तक्रार क्रमांक पडले, आणि चार वेगळ्या माणसांनी पहिल्यापासून वाचून तेच ठरावीक उत्तर पाठवले.

रविवारी, 9 तारखेला, आम्ही सकाळची एसटी धरली. एरंडोल, पारोळा करत दोन-अडीच तासांत धुळे. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलो. मेल लिहिण्याआधी एक गोष्ट पाहायची होती: कुलूप नेमके कुठे लागले आहे?

"लॉगिन होत नाही" या तीन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात. पासवर्ड बरेचदा चुकला म्हणून लागलेले कुलूप बहुधा काही तासांनी आपोआप निघते. ओटीपीच येत नसेल, तर दुखणे मोबाइल नंबरचे असते. पासवर्ड बरोबर असूनही पडद्यावर खाते बंद असल्याचा संदेश येत असेल, तर मात्र ते कोणीतरी किंवा कोणत्यातरी यंत्रणेने ठरवून बंद केलेले असते. ते माणसाने पाहिल्याशिवाय उघडत नाही. यातले आपले कोणते, हे वारंवार बटण दाबून कळत नाही. उलट प्रत्येक फसलेला प्रयत्न संशय वाढवतो. म्हणून आम्ही एकदाच प्रयत्न केला आणि तिला मोबाइलवर पडद्याचा फोटो घ्यायला सांगितले. पासवर्ड टाकताच, ओटीपी मागण्याआधीच, हा संदेश आला:

```
Your seller account is locked.
Please contact Seller Support.
```

मग दुसरी परीक्षा केली. तिथे विक्रेत्याचे दुकान आणि ग्राहकाचे खाते एकाच ईमेलवर आणि एकाच पासवर्डवर चालते. ती त्याच ईमेलने ग्राहक म्हणून आत गेली, तर दार लगेच उघडले. ओटीपीही आला. म्हणजे पासवर्ड ठीक, नंबर चालू, ईमेल ठीक. कुलूप फक्त दुकानाला होते. पुढच्या मेलमधले सर्वांत उपयोगी वाक्य या दोन मिनिटांच्या परीक्षेतून मिळाले. कारण मदत कक्षाची पहिली सूचना नेहमी "पासवर्ड बदलून पाहा" अशीच असते, आणि त्या एका वाक्याने ती फेरी वाचली.

आता कोडे असे होते की ओळख पटल्यावर कुलूप का लागावे? तिचा समज होता, आणि आमचाही तोच होता, की पडताळणी म्हणजे एकच दार, ते पार केले की आत. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या तपासण्या असतात. पहिली विचारते, कागदावरचे माणूस खरे आहे का? तिने आधार कार्ड आणि आपला चेहऱ्याचा फोटो दिला, दोन्ही जुळले, "ओळख पटली" असा मेल आला. दुसरी तपासणी विचारते, हे दुकान त्याच माणसाचे आहे का, आणि ते आणखी कोणत्या दुकानाशी जोडलेले आहे का? तिथे पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खाते, मोबाइल नंबर आणि कधी कधी वापरातला लॅपटॉपही ताडून पाहतात. पहिल्या तपासणीत खरे ठरलेले माणूस दुसऱ्या तपासणीत अडकू शकते. कारण आधी खात्यात नोंदलेले नाव आणि आता खरे ठरलेले नाव वेगळे निघते.

तिचे सगळे कागद टेबलावर मांडले. पॅन लग्नाआधीचे, त्यावर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि Shaikh. जीएसटीची नोंदणी पॅनवरूनच होते, म्हणून तिथेही तेच नाव. बँक खातेही त्याच नावाने. आधार मात्र लग्नानंतर धुळ्याचा पत्ता टाकताना बदलले होते. त्यावर तिच्या नावापुढे Bi लागले आहे, मग नवऱ्याचे नाव आणि शेवटी Sheikh. सुदैवाने पॅन-आधार जोडणी तिने नाव बदलण्याआधीच केली होती, नाहीतर पॅन निष्क्रिय होण्याची आणखी एक भानगड उभी राहिली असती.

आपल्या घरांत हे किती सर्रास चालते! शेखचे दोन-तीन स्पेलिंग, मोहम्मदचे चार, कुठे बी, कुठे बानो, कुठे बेगम. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरे. दाखले लिहिताना आम्ही शिक्षकांनीही यात पुष्कळ भर घातली आहे, हे कबूल केले पाहिजे. माणूस पाहून समजून घेतो. यंत्राला Shaikh आणि Sheikh ही दोन माणसे वाटतात.

दुसरा धागा मोबाइल नंबरचा. 2021 मध्ये खाते उघडताना तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून जळगावच्या भावाचा नंबर दिला होता. आजही ओटीपी भावाला येतो आणि तो फोनवर सांगतो. "भाईजानने 2023 मध्ये मोबाइल कव्हर विकायला स्वतःचं दुकान टाकलं होतं, सर. चाललं नाही. त्याची पडताळणी पूर्ण केली नव्हती म्हणे, मग ते बंद पडलं." भावाच्या त्या दुकानाला नंबर हाच होता. म्हणजे एका बंद पाडलेल्या दुकानाचा नंबर तिच्या चालू दुकानावर होता. नवी पडताळणी झाली तेव्हा हा जुना धागा वर आला असावा, असा आमचा अंदाज होता, आणि पुढे तो खरा निघाला.

याच कारणासाठी तिला एक गोष्ट बजावली: घाईने दुसऱ्या ईमेलवर नवे दुकान उघडू नको. पॅन तेच, बँक तीच, घर तेच. ते आधीच्या कुलूपबंद दुकानाशी जोडले जाते आणि दोन्ही बंद होतात. तिच्या शेजारणीने तिला नेमका हाच सल्ला दिला होता.

मग मेल लिहायला घेतला. आधी मराठीत जुळवला, नंतर साध्या इंग्रजीत उतरवला. नवी तक्रार न नोंदवता शेवटच्या तक्रारीच्या उत्तरालाच उत्तर म्हणून, आणि दुकानाच्या नोंदणीतल्या ईमेलवरूनच तो पाठवला. दुसऱ्या ईमेलवरून आलेल्या पत्रावर मदत कक्ष काही सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. विषयाच्या ओळीत "मदत हवी" असे न लिहिता लिहिले: ओळख पडताळणी मंजूर झाल्यावर विक्रेता खाते कुलूपबंद, त्यापुढे विक्रेता क्रमांक, आणि तारीख 3 फेब्रुवारी 2025. आतला मजकूर असा:

"31 जानेवारी 2025 रोजी माझी ओळख पडताळणी मंजूर झाल्याचा ईमेल आपल्याकडून आला. तो सोबत जोडला आहे. 3 फेब्रुवारी रोजी सकाळी सुमारे 9.40 पासून विक्रेता खाते उघडत नाही. पासवर्ड टाकल्यावर, ओटीपीच्या आधी, सोबतच्या चित्रातला संदेश येतो. याच ईमेल आणि पासवर्डने ग्राहक खाते उघडते, म्हणून अडचण पासवर्डची किंवा ओटीपीची नाही.

दोन बाबी मी स्वतःहून कळवत आहे. पॅन, जीएसटी आणि बँक खाते माझ्या लग्नाआधीच्या नावाने आहे, आधार लग्नानंतरच्या नावाने. ही दोन्ही नावे माझीच आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले आहे. खात्यातला मोबाइल नंबर माझ्या भावाचा आहे. त्याचे वेगळे दुकान याच नंबरवर होते, ते आता बंद आहे. माझ्या दुकानात त्याचा भाग नाही. मी माझ्या स्वतःच्या नावाचा नंबर द्यायला तयार आहे.

माझी विनंती: कुलपाचे नेमके कारण कळवावे, आणखी कोणता कागद हवा ते सांगावे, आणि खाते उघडेपर्यंत जानेवारीचा विक्री व कर अहवाल ईमेलने द्यावा. जीएसटी विवरणासाठी तो लागतो. आधीच्या चार तक्रारी याच विषयाच्या आहेत, त्या यात मिळवाव्यात."

एवढेच. तिला तो कोरडा वाटला. "सर, मुलांचं काहीच लिहिलं नाही?" आम्ही म्हटले, मुलांचे दुःख खरे आहे, पण वाचणाऱ्याच्या हातात त्यावर दाबायला बटण नाही. नावाचा आणि नंबरचा प्रश्न मात्र तो पुढच्या विभागाकडे पाठवू शकतो.

जोडायच्या कागदांवर बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला नाही. तिने आधी जे ई-आधार पाठवले होते, ती कुलूप असलेली फाइल होती. ती उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असा पासवर्ड लागतो. समोरच्याला तो माहीत नसतो, असायलाही नको, म्हणून त्याच्यापुढे कोरी फाइल उघडते आणि कागद नामंजूर होतो. आम्ही यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवले, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आणि ते उघडून त्याची साधी प्रत केली. लग्नाचा पुरावा म्हणून ती निकाहनामा जोडणार होती. तो सुंदर नस्तालीकमध्ये लिहिलेला आहे, पण दूरच्या कुठल्यातरी कार्यालयात बसलेल्या तपासनिसाला तो वाचता येणार नाही. महापालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र कपाटात सासूबाईंच्या पिशवीत निघाले. त्यावर दोन्हीकडची नावे होती. ते नसते, तर आधी नोंदणी करून घ्यावी लागली असती. पासवर्ड, ओटीपी, एटीएम कार्ड यातले काहीही मेलमध्ये जात नाही. कोणी मागितले तरी नाही.

कोणी मागितले, यावरून एक प्रसंग सांगायलाच हवा. आदल्या आठवड्यात भावाने चिडून त्या बाजाराच्या फेसबुक पानाखाली तक्रार लिहिली होती, आपल्या फोन नंबरासकट. तासाभरात त्याला फोन आला: आम्ही मदत कक्षातून बोलतोय, खाते आत्ता उघडून देतो, आलेला ओटीपी सांगा. भाऊ सावध निघाला, फोन ठेवला. अडकलेल्या विक्रेत्यांना शोधत फिरणारे हे लोक असतात. गुगलवर मदत कक्षाचा नंबर शोधणाऱ्यांनाही तेच भेटतात. असा फोन येऊन पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर कळवायचे. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

सोमवारी, 10 तारखेला, सकाळी मेल गेला. त्याची एक प्रत त्या बाजाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो. बहुधा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. त्या नियमांतली 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण ही मुदत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे, विक्रेत्याने तिच्यावर भरवसा ठेवू नये. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मात्र तेव्हा, 2025 मध्ये, वापरकर्त्याच्या तक्रारीला 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निकाल असे होते. आम्ही मेलमध्ये त्याच नियमांचा एका ओळीत उल्लेख केला. धमकी दिली नाही.

दरम्यान एक घड्याळ वेगळेच चालू होते, आणि त्याकडे तिचे लक्षच नव्हते. ती दर महिन्याला जीएसटी विवरण भरते. जानेवारीचे जीएसटीआर-1 भरायची मुदत 11 फेब्रुवारी, जीएसटीआर-3बीची 20 फेब्रुवारी. दुकान बंद आहे म्हणून कर खाते थांबत नाही. विक्री शून्य असली तरी उशीर झाला की दिवसाला 20 रुपये, विक्री असेल तर 50. आणि विक्रीचा सगळा हिशोब त्या कुलपाच्या आत!

इथे एक आडवाट कामी आली. ऑनलाइन बाजार विक्रेत्याच्या निव्वळ विक्रीवर टीसीएस कापतो आणि पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत सरकारकडे विवरण भरतो. 10 जुलै 2024 पासून हा दर अर्धा टक्का आहे. जीएसटी संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनने गेले की ही कपात दिसते. तिच्या नावावर जानेवारीत 212 रुपये दिसले. अर्धा टक्का म्हणजे दोनशेवा हिस्सा, म्हणून 212 गुणिले 200. परत आलेला माल वजा जाऊन, कराशिवाय विक्री 42,400 रुपये. कोणत्या राज्यात किती माल गेला हे त्यावरून कळत नव्हते. ते तिने ईमेलमध्ये आलेल्या प्रत्येक ऑर्डरच्या संदेशातून, शहर पाहून, वहीत लिहून काढले. रात्री अकरापर्यंत बेरीज चालली. दोन ओढण्यांचा फरक येत होता, त्या परत आलेल्या निघाल्या. 11 तारखेला दुपारी जीएसटीआर-1 गेले.

13 तारखेला, गुरुवारी, पहिल्यांदा माणसाने लिहिलेले वाटावे असे उत्तर आले. त्यात म्हटले होते की आपला नोंदणीकृत मोबाइल नंबर दुसऱ्या, निष्क्रिय केलेल्या विक्रेता खात्याशी जोडलेला आढळला. नावाबद्दल बँकेचा कॅन्सल्ड चेक मागितला, आणि भावाच्या दुकानाशी संबंध नसल्याचे लेखी निवेदन. तिने त्याच दिवशी आपल्या आधारवर नवे सिम घेतले. आयुष्यातला तिचा स्वतःच्या नावाचा पहिला नंबर. निवेदनावर तिची सही. भावाने त्याच्या दुकानाच्या नोंदणीतल्या ईमेलवरून वेगळा मेल टाकून तेच लिहिले. चेकवर नाव छापलेले नव्हते, म्हणून बँकेकडून शिक्का मारलेले, नाव आणि खाते क्रमांक असलेले पत्र घेतले. बिननावाचा चेक पाठवला असता, तर आणखी चार दिवस गेले असते.

21 फेब्रुवारीला, शुक्रवारी, दुपारी दुकान उघडले. 18,400 रुपये पुढच्या बुधवारी बँकेत आले. आधीच्या ऑर्डरींपैकी तीन मुदत उलटून रद्द झाल्या होत्या. बंद काळात तिच्या मालाची सगळी पाने "उपलब्ध नाही" झाली होती, ती एकेक करून चालू करावी लागली. शोधात तिचा माल खाली गेला होता. पूर्वी या दिवसांत रोज सात-आठ ऑर्डरी येत, आता दोन येऊ लागल्या. दीडशेपैकी साठ ओढण्या रमजानपूर्वी गेल्या. काही तिच्या नणंदेने मशिदीजवळच्या दुकानात ठेवल्या, बाकी कपाटात राहिल्या.

पॅनवरचे नाव आधारप्रमाणे करायचा अर्ज तिने मार्चमध्ये भरला. नाव बदलले तरी पॅनचा क्रमांक तोच राहतो, आणि जीएसटी क्रमांकाच्या पोटात तो पॅनच असल्याने तोही बदलत नाही, हे ऐकून तिची मोठी भीती गेली. नवे कार्ड आल्यावर आधी जीएसटीत, मग बँकेत आणि शेवटी त्या बाजाराच्या खात्यात नाव बदलायचे, या क्रमाने. भावाला मात्र त्याच्या बंद दुकानाबद्दल अजून उत्तर आलेले नाही. गेल्या आठवड्यात त्यानेही आम्हाला फोन केला होता. त्याचे मेल वाचून पाहिले. पहिलेच वाक्य होते: आदरणीय साहेब, मी एक गरीब विक्रेता आहे.